गोफाचा पाचवा फेर

प्रेमिलाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. म्हणाली, "सुभद्रा, माह्या नातीले गोफाचा व्हिडिओ बनवायचा आहे. शिकवायचा. तुह्याशिवाय मोजणी कोणाले लिहिता येते सांग? तू येऊन जा कोराडीले."

एकोणचाळीस वर्षांत गोफाचं नाव तिनं माझ्यासमोर काढलं नव्हतं, मीही काढलं नव्हतं. सणावाराला भेटत होतो, एकमेकींच्या घरची लग्नं केली होती, माझे मिस्टर गेले तेव्हा तेरा दिवस तिच्याकडून डबा येत होता. पण गोफ नाही. हातातली जुडी खाली ठेवून मी म्हटलं, "येते."

हे आधी सांगायला हवं. माझे मिस्टर कोराडीच्या वीज केंद्रात होते आणि मी वसाहतीतल्या शाळेत पी.टी. शिकवायची. महिला मंडळाचा गोफ मी बसवला होता. मधल्या बल्लीच्या, म्हणजे लाकडी खांबाच्या, टोकाला आठ रंगांच्या आठ दोऱ्या, खाली आठ बाया, त्यांत प्रेमिलाही. चौघी उजवीकडे फिरायच्या, चौघी डावीकडे. समोरची आली की तिच्या बाहेरून जायचं, पुढची आली की आतून, म्हणजे बल्लीच्या बाजूनं. असं करत करत वर दोऱ्यांची वेणी पडते. मग सगळ्यांनी मागे वळायचं आणि त्याच वाटेनं उलटं जायचं, की वेणी उकलते. लोक टाळ्या वाजवतात त्या उकलण्याला. गुंफणं कोणालाही जमतं.

शहाऐंशीच्या डिसेंबरात वीज केंद्रांच्या महिला मंडळांचा मेळावा होता. सहा फेर गुंफले, छान झाले. उकलताना दुसऱ्या फेरात दोऱ्या अडकल्या. बाया ओढत गेल्या, वाळूच्या ड्रममध्ये रोवलेली बल्ली कलली आणि पंचफुलाच्या खांद्यावर आली. पंचफुला त्या आठींतलीच, माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायची. आमच्या दोघींच्या मध्ये फक्त तारेचं कुंपण होतं आणि त्यावर दोघींची धुणी वाळायची. तिचं खांद्याचं हाड मोडलं आणि नीट जुळलं नाही. उजवा हात पुन्हा डोक्याच्या वर गेला नाही.

मोजणी मी म्हणत होते. पडद्यामागे प्रेमिला माझ्या गळ्यात पडून रडली आणि कानाशी म्हणाली, "पाचव्या फेरात तू सात दोनदा म्हटलं वं. मी ऐकलं. जाऊ दे, कोणीही चुकते." मला तसं म्हटल्याचं आठवत नव्हतं. पण तिनं ऐकलं होतं. मी दवाखान्यात जाऊन पंचफुलाच्या खाटेपाशी कबूल केलं, माझ्यामुळे झालं. पंचफुलानं भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. कुंपणावरची धुणीसुद्धा तिनं हलवली. मी मंडळ सोडलं. पुढची वीस वर्षं गोफ प्रेमिलानं चालवला.

तर ते सगळं पोटात घेऊन मी कोराडीच्या बसमध्ये बसले.

प्रेमिलाचा मुलगा आता त्याच केंद्रात आहे, म्हणून ती अजून वसाहतीतच राहते. तिची नात मिनल बावीस वर्षांची, केस आखूड, बोलणं भरभर. समाजमंदिराच्या हॉलमध्ये पंख्याच्या हुकाला दोऱ्या टांगल्या होत्या. वसाहतीतल्या सात सुना गोळा केल्या होत्या आणि आठवी खुद्द प्रेमिला, गुडघ्याला पट्टा बांधून.

"आजी, पहिले स्क्रिप्ट," मिनल मला म्हणाली. "कोण काय बोलणार, कोणत्या काउंटवर काय दिसणार, सगळं लिहून. नाही तर एडिटिंगमध्ये डोकं फिरते माझं."

मी वही आणली होतीच. तीन रकाने पाडले. पहिल्यात मोजणी, दुसऱ्यात पाय आणि हात, तिसऱ्यात तोंडानं काय म्हणायचं.

एक-दोन: पुढे चाला. तीन: समोरचीच्या बाहेरून, दोरी तिच्या डोक्यावरून न्या. चार: टाच आपटा. पाच-सहा: पुढे चाला. सात: दुसरीच्या आतून, मान खाली. आठ: टाच.

हा उजवीकडे जाणाऱ्या चौघींचा फेर. डावीकडच्या चौघींचा याच्या उलट: तीनवर आत, सातवर बाहेर. एकीनं बाहेरून जायचं म्हटलं तर समोरचीनं आतून जायलाच हवं, नाही तर कपाळावर कपाळ.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. पाऊल कसं टाकायचं ते मी कॅमेऱ्यासमोर करून दाखवलं. मिनलनं ते मोबाइलवर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आजी, तुम्ही उजवा म्हणता आणि डावा टाकता!"

"मग? समोर पोरं असली की असंच करायचं असतं. मी डावा टाकला की त्यांना त्यांच्या उजवीकडे दिसतो. पस्तीस वर्षं तसंच केलं."

"अहो, पण आरसा मी एडिटिंगमध्ये लावते ना! तुम्ही उजवा म्हणा, उजवाच टाका. मी चित्र पलटवते, मग पाहणाऱ्याला आरशात पाहिल्यासारखं वाटते. तुम्ही पण पलटवलं, मी पण पलटवलं, तर सीधंच झालं ना."

प्रेमिला हसली. "ही अशीच होती. नवऱ्याशी बोलतानाही उलटं बोलत जाये, त्याले सरळ ऐकू यावं म्हणून."

सगळ्या हसल्या, मीही. फार दिवसांनी हसले असं वाटलं.

मग मिनलनं भिंतीवरचा मंडळाचा फलक उतरवून ठेवला, कारण चित्र पलटवलं की अक्षरं उलटी दिसतात. तिला आणखी एक युक्ती सुचली. "उजव्या बाजूचीला एकदाच शूट करते. तेच पलटवलं की डाव्या बाजूची तयार. मेहनत अर्धी."

"नाही," मी म्हटलं. "आरसा उजवं-डावं बदलतो. आत-बाहेर बदलत नाही. उजवीकडची तीनवर बाहेर जाते, पलटवली तरी ती तीनवर बाहेरच जाईल. डावीकडचीनं तीनवर आत जायला हवं. पलटव, पण मोजणी पाचपासून सुरू कर. मग जुळेल."

मिनलनं बोटांवर दोनदा करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "आजी, तुम्ही इतकी वर्षं होत्या कुठं?"

मी वहीचं पान उलटलं. प्रेमिला दोऱ्या सरळ करत होती.

तीन दिवसांत चालीचा भाग झाला, गुंफणं झालं, उकलणं झालं. प्रत्येक तुकडा आधी पूर्ण गतीनं, मग अर्ध्या गतीनं, आणि वळण असेल तिथे पाव गतीनं. पाव गतीला बायांचे पदर पाण्यातल्यासारखे हलतात. आम्ही तिघी मोबाइलभोवती डोकी जुळवून पाहायचो. सत्तरीतल्या प्रेमिलाचं पाऊल अजून नेमकं पडत होतं. सातवर ती खांदा किंचित खाली घालून जी फिरकी घ्यायची ती तिचीच. मी ती कोणालाच शिकवली नव्हती.

शेवटचा भाग मी वहीत लिहिला होता तो 'नेहमी होणारी चूक'. त्याखाली एक ओळ होती: मोजणारी चुकली तर गोफ अडकतो, म्हणून मोजणी शांतपणे करावी. ती ओळ मी दोन दिवस टाळली होती. पण लिहिली. कोणा पोरीची पंचफुला होऊ नये.

"हे दाखवावं लागेल," मिनल म्हणाली. "नुसतं बोलून नाही समजत लोकांना. तुम्ही मुद्दाम चुका. गोफ अडकला की मी क्लोजअप घेते."

प्रेमिला म्हणाली, "राहू दे ना वं. चुका काहून दाखवायच्या? बरोबर ते दाखवा."

"आजी, चुकीलेच व्ह्यू येतात."

मी मोजायला उभी राहिले. चार फेर नीट. पाचव्यात, एकोणचाळीस वर्षांपूर्वी म्हटलं होतं तसं, म्हटलं, "पाच, सहा, सात, सात, आठ."

आठही जणी दुसऱ्या सातला अडखळल्या. एक जण हसली. सगळ्यांची टाच एक ठेका उशिरा पडली. सहावा फेर झाला, वळल्या, उकलायला लागल्या. मी डोळे मिटून घेतले होते. दुसरा फेर आला. तिसरा. डोळे उघडले तेव्हा आठ दोऱ्या सुट्या होऊन सरळ लोंबत होत्या.

"अडकलाच नाही," मिनल म्हणाली.

"पुन्हा," मी म्हटलं.

पुन्हा केलं. या वेळी सात गाळूनच टाकला. बाया धावपळीत एकमेकींच्या पुढे गेल्या, पण प्रत्येक जण आपापल्या बाजूनं. गोफ स्वच्छ उकलला. तिसऱ्यांदा मी नऊ म्हटलं. तरी उकलला.

मी वहीकडे पाहत उभी राहिले. किती साधं होतं. मोजणारी चुकली तर आठही जणी एकदम चुकतात. एकदम चुकल्या तर आत जाणारी आतच जाते, बाहेर जाणारी बाहेरच. ठेका जातो, वेणी जात नाही. वेणी बिघडते ती एकच बाई एकटी चुकली तर. पोरांना पस्तीस वर्षं कवायत शिकवणाऱ्या बाईला हे सुचू नये? सुचलं नाही, कारण मी कधी सुचू दिलं नाही. प्रेमिलानं ऐकलं होतं ना.

"मग अडकतो कसा?" मिनल वैतागली. "आज हॉल पाच वाजेपर्यंतच आहे."

त्या सुनांमधली एक म्हणाली, "प्रेमिलाआजींनाच विचारा. पण त्यांच्याकडून कधी अडकलाच नसेल, त्यांना काय माहीत!"

प्रेमिलाला हे लागलं. ती पहिल्यापासून अशीच. "मले माहीत नाही? वीस वर्षं चालवला मी गोफ. पाचव्या फेरात सातवर बाहेरून जायचं सोडून आत घुसायचं. समोरचीले समजतही नाही, ती आपोआप बाहेर पडते. गुंफताना कोणाले दिसत नाही. उकलताना दुसऱ्या फेरात तीनवर बरोबर ओढ लागते."

"आजी, आपल्या उजव्या बाजूला सातवर आतच असते ना," मिनल म्हणाली. "बाहेर तीनवर असते."

"हो हो. तीनवर. तेच म्हणून राहिली मी."

तिनं करून दाखवलं. पाचव्या फेरात तीनवर बाहेरून जायचं सोडून ती खांदा खाली घालून, फिरकी घेऊन आत शिरली. इतकं सफाईनं की मी टक लावून पाहत असूनही मला नुसती फिरकीच दिसली. उकलताना दुसऱ्या फेरात दोऱ्या गच्च आवळल्या. हुक करकरला. बाया ओरडल्या. मिनल आनंदानं "मस्त, मस्त!" करत क्लोजअप घ्यायला धावली.

मी भिंतीशी जाऊन बसले.

सातवर बाहेर जाते ती डावीकडे फिरणारी. या वेळी प्रेमिला उजवीकडच्या चौघींत होती. शहाऐंशीला ती डावीकडच्या चौघींत होती.

मिनल माझ्या शेजारी येऊन बसली. "पाहा आजी, डाव्या बाजूसाठी पलटवून पण ठेवते. मोजणी पाचपासून, तुम्ही सांगितलं तशी." तिनं बोट फिरवलं, चित्र पलटलं आणि पाव गतीनं सुरू झालं. प्रेमिला आता डावीकडे चालत होती. मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या हातावर गेलं होतं. पाच. सहा. सातवर तिचा खांदा खाली गेला, पदर हळूहळू फुलला, आणि त्या पदराआडून ती आतल्या बाजूला सरकली. हे मी पाहिलेलं होतं. मेळाव्यात मी समोर उभी राहून मोजत होते, ती अशीच फिरली होती आणि मला वाटलं होतं, किती सुरेख फिरते ही.

"हे माझ्या मोबाइलवर पाठव," मी मिनलला म्हटलं. तिनं तिथल्या तिथे पाठवलं.

बाया गेल्यावर प्रेमिला डब्यातली भजी काढत होती. मी विचारलं, "तुला कसं माहीत, दुसऱ्या फेरात तीनवर ओढ लागते?"

"काय?"

"उजवीकडचीनं तीनवर चूक केली तर उकलताना, उलट्या वाटेमुळे, ओढ सातवर लागते. आत्ता सातवरच लागली. तीनवर डावीकडचीला लागते. मी कोणाला हे शिकवलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. तुला कसं माहीत?"

तिनं डब्याचं झाकण पुन्हा लावलं. मिनल ट्रायपॉड घडी करता करता थांबली.

"चुकली होती मी," प्रेमिला शेवटी म्हणाली. "मुद्दाम नाही केलं, मिनलची आन. फिरकीच्या नादात गेली आत. मंग बल्ली पडली, पंचफुला ओरडे, साहेब लोक विचारे कोणामुळे झालं. माहे मिस्टर तेव्हा टेम्परवारी होते वं."

"म्हणून माझं नाव घेतलंस."

"तुह्या मिस्टरची नोकरी पक्की होती. तुले काय होणार होतं?"

"मला विचारतेस काय होणार होतं? ती पंचफुला—"

"मी तुह्यासाठी काय नाही केलं सांग! तुही पोरगी आजारी होती तेव्हा रात्र रात्र बसली मी. तेरा दिवस डबा दिला. तो काय असाच दिला?"

खरं सांगते, तिच्या चुकीचं मला तेवढं वाईट नाही वाटलं. कोणीही चुकतं, तीच म्हणाली होती. पण तिनं माझ्या गळ्यात पडून माझ्याच कानात माझी चूक घातली होती, आणि मी ती खरी मानून एकोणचाळीस वर्षं सांभाळली. माझ्या आठवणीचं लोक कौतुक करतात. त्या आठवणीत मी सात दोनदा म्हणत असल्याचं मला चक्क ऐकू यायला लागलं होतं.

वहीतली ओळ मी खोडली. खाली लिहिलं: मोजणाऱ्याच्या चुकीनं गोफ अडकत नाही. एकटी बाई चुकीच्या बाजूनं गेली तरच अडकतो. कागद मिनलला दिला. "एवढं व्हिडिओत बोल. कोणाचं नाव नको. एवढं बोललीस तरी पुरे."

"बोलते, आजी. नक्की," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

आठ दिवसांनी व्हिडिओ आला. अकरा मिनिटांचा. चाली होत्या, आरसा होता, पाव गती होती, प्रेमिलाची फिरकी दोनदा होती. चुकीचा भाग नव्हता. शेवटी अक्षरं आली: मार्गदर्शन, प्रेमिलाआजी. मी मिनलला फोन लावला.

"आजी, लांब होत होता व्हिडिओ," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "घरात रडारड झाली. आजी जेवत नव्हती. तुम्ही समजून घ्या ना. तुमचं नाव टाकते मी, आत्ता टाकते."

"नको," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी उमरेडची बस धरली. निवृत्तीनंतर पंचफुला तिकडे मुलाजवळ राहायला गेली होती, एवढं मला माहीत होतं. पत्ता दोन ठिकाणी विचारावा लागला. ती ओट्यावर बसून डाव्या हातानं तूर पाखडत होती. सूप मांडीवर टेकवलेलं, उजवा हात नुसता आधाराला. मला पाहिलं आणि सूप थांबलं.

बोलायला मला जमलंच नसतं. मोबाइल काढला आणि तिच्यासमोर धरला. पलटवलेला तुकडा, पाव गतीनं. पाच. सहा. सात. प्रेमिलाचा खांदा खाली गेला, पदर फुलला, ती आत सरकली.

"पाहिलंस?" मी म्हटलं. "मी नव्हते, पंचफुला. प्रेमिला होती."

पंचफुलानं मोबाइल बाजूला सारला, हळूच, माशी सारावी तसा.

"हे मले काय दाखवतं? तिच्या समोरची मीच तर होती. सातवर आत मले जायचं होतं. ती घुसली, मी बाहेर पडली. मी डोळ्यानं पाहिलं तेव्हाच."

मी मोबाइल खाली ठेवला. "मग तू मला... इतकी वर्षं..."

"तू दवाखान्यात आली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माह्या खाटेपाशी बसली आणि म्हणते, माह्याच्यानं झालं. मले वाटलं, मैत्रिणीले वाचवाले माह्या तोंडावर खोटं बोलून राहिली. हात माहा गेला आणि हिले तिची पडली. मी काहून बोलू तुह्याशी?"

"मला माहीत नव्हतं गं. तिनं सांगितलं तेच खरं वाटलं."

"आता कळून राहिलं मले," पंचफुला म्हणाली. तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. दाणे एका बाजूला गेले, फोलपटं दुसऱ्या बाजूला. रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला.

"तू विचारायचं होतं," मी म्हटलं. "एकदा तरी."

"आणि तू?"

मोबाइल वाजला. प्रेमिलाचं नाव आलं. दोघींनी पाहिलं. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. मी तो उचलला नाही, बंदही केला नाही.

"परतीची बस कितीची आहे?" पंचफुलानं विचारलं.

"साडेचारची."

तिनं मान हलवली आणि ओट्यावरचं दुसरं सूप पायानं माझ्याकडे सरकवलं. मी बसले. आमच्या दोघींच्या मध्ये मोबाइल वाजत होता आणि ती त्याच्याकडे न पाहता तूर पाखडत होती.